लेकराला शांतता आधी उसनी द्यावी लागते

"दिवसभर माझ्यापाशी गुमान खेळत होतं. आई दारात आली की लागलं भोकाड पसरायला. तूच लाडावून ठेवलंयस त्याला." वस्तीत फिरताना हे वाक्य मी कितीतरी आज्यांच्या तोंडून ऐकते. ऐकून घेणारी सून चार घरची धुणीभांडी करून नाहीतर कारखान्यात दिवसभर उभ्याने पॅकिंग करून आलेली असते. खांद्यावर पिशवी तशीच असते, नळाला पाणी यायची वेळ झालेली असते आणि लेकराने पायाला मिठी मारलेली असते. मग एक धपाटा बसतो. लेकरू आणखी जोरात रडतं, आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं की पोरगं हट्टी आहे.

माझं म्हणणं असं की ते पोरगं हट्टी नाही आणि लाडावलेलंही नाही. दिवसभराचा ताण त्याच्या अंगात साठलेला आहे, आणि तो एकट्याने उतरवायची ताकद त्याच्या मेंदूत अजून आलेली नाही. ती येईपर्यंत ते जवळच्या मोठ्या माणसाची शांतता उसनी घेतं, जशी आपण शेजारून वाटीभर साखर घेतो. डॉक्टरी भाषेत याला को-रेग्युलेशन म्हणतात. शब्द अवघड आहे, पण गोष्ट साधी आहे. लहान मूल आधी दुसऱ्याच्या आधाराने शांत होतं, आणि असं शेकडो वेळा झाल्यावर हळूहळू आपलं आपण शांत व्हायला शिकतं.

हे मलाही उशिरा कळलं. नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला बाळाचं वजन, ताप, लसींचं वेळापत्रक हे सगळं शिकवलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत लसीकरणाच्या खोलीत बाहेर रांग लागलेली असायची, आत बाळं रडत असायची, आणि मी आयांवर ओरडायचे, "बाई, आधी पोराला गप्प करा." ती आई घाबरून बाळाला जोरजोरात हलवायची, थोपटायची, तिचा स्वतःचा ऊर धपापत असायचा, आणि बाळ काही थांबायचं नाही. त्या बाळाला उसनी घ्यायला शांतता होती कुठे? जिच्याकडून घ्यायची, तिची होती नव्हती ती मीच काढून घेतली होती. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

अंगात काय घडतं

ही नुसती भावनेची गोष्ट नाही, ती शरीरात घडते. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यात आईच्या उघड्या छातीवर बाळाला उभं धरून ठेवतात, ती कांगारू पद्धत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. 1978 साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून ती सुरू झाली. आईच्या अंगाला लागलेल्या बाळाचं तापमान टिकतं, श्वास आणि हृदयाचे ठोके स्थिरावतात. म्हणजे बाळाचं शरीर आईच्या शरीराकडून चाल शिकतं. बाळ मोठं झालं म्हणून ही गरज एका दिवसात संपत नाही, फक्त तिचं रूप बदलतं. आधी बाळाला अंगाची ऊब लागते. मग मांडी आणि आवाज पुरतो, आणि पुढे नुसती नजरही पुरते.

जपानमधल्या संशोधकांनी 2013 साली आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. सहा महिन्यांच्या आतल्या रडत्या बाळाला आईने नुसतं घेऊन बसण्यापेक्षा उचलून चालायला सुरुवात केली, की त्याच्या हृदयाचे ठोके लगेच कमी होतात आणि रडणं ओसरू लागतं. त्यांच्यातल्याच काहींनी 2022 साली पुढचा अनुभव मांडला. बाळाला छातीशी धरून पाच मिनिटं एकसारखं चालायचं, ते झोपलं तरी लगेच खाली ठेवायचं नाही, घेऊन पाच ते आठ मिनिटं बसायचं आणि मग ठेवायचं. कारण अंगापासून दूर होताना बाळाचे ठोके पुन्हा वाढतात आणि ते जागं होतं. आपल्या आज्या अंगणात बाळाला घेऊन येरझाऱ्या घालायच्या, त्यामागे हेच होतं. फक्त आपण अधीर होऊन त्याला फार लवकर खाली ठेवतो.

आता मेंदूचं पाहू. धोका दिसला की अंगभर घंटा वाजवणारा भाग जन्मापासून कामाला लागलेला असतो. भूक, झोप, गोंगाट, आई दिसेनाशी होणं, हे सगळं त्याच्या लेखी धोकाच. ती घंटा थांबवणारा, "थांब, काही झालेलं नाही" असं सांगणारा भाग कपाळामागे असतो, आणि तो पूर्ण पिकायला विशी ओलांडावी लागते. तीन-चार महिन्यांचं बाळ फार तर बोट चोखतं किंवा मान वळवतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पाय आलेले असतात, हवं-नको कळतं, पण थांबवणारा भाग अगदी कच्चा असतो, म्हणून याच वयात लोळण घेणं सुरू होतं. तीन-चार वर्षांचं झालं की "मला राग आला" असे शब्द येऊ लागतात. पाच-सहा वर्षांपासून ते थोडा वेळ स्वतःला सावरू शकतं, तेही पोट भरलेलं आणि झोप झालेली असेल तर.

मुलाचा मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर किती भार असतो, हे एडवर्ड ट्रोनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1978 साली दाखवलं. आई बाळाशी हसत-बोलत असते, मग ती काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते, काहीच प्रतिसाद देत नाही. आई समोरच बसलेली असते, तिने हातही लावलेला नसतो. तरी बाळ आधी हसून, आवाज काढून तिला परत बोलवायला बघतं, मग अस्वस्थ होतं, तोंड फिरवतं, शेवटी रडू लागतं. मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या आई-बापासमोर बसलेलं लेकरू आठवून पाहा. मात्र त्याच प्रयोगात आई पुन्हा बोलू लागली की बाळ हळूहळू तिच्याकडे वळतं. ही दुसरी बाजूही लक्षात ठेवावी, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे.

एका घरातली संध्याकाळ

आमच्या गल्लीतल्या एका घराची गोष्ट सांगते. दहा बाय बाराची खोली. अडीच वर्षांचा मुलगा, त्याची आई तीन घरी स्वयंपाक करते, बाप मार्केटमध्ये हमाली करतो, आजी दिवसभर नातवाला सांभाळते. पाणी साडेसहाला येतं ते तासभरच. आई सहा-वीसला घरी पोहोचायची. मुलगा धावत यायचा, उचलून घे म्हणायचा. ती म्हणायची, "थांब, आधी पाणी भरते." तो पदर ओढायचा, पेला फेकायचा, मग जमिनीवर लोळण. आजी म्हणायची, "पोलीस येतील बघ." आई एक लगावायची, आणि शेवटी हातात मोबाईल द्यायची. घर शांत व्हायचं. मोबाईल काढून घेतला की पुन्हा तोच गोंधळ. पोरगं जेवायचं नाही, झोपायला अकरा वाजायचे.

मी आधी आजीला विचारलं, दिवसा तो कसा असतो. "एकदम शहाणा," ती म्हणाली. तिथेच उत्तर होतं. दिवसभर त्याने स्वतःला धरून ठेवलेलं असायचं. जिथे सगळ्यात सुरक्षित वाटतं तिथे माणूस मोकळा होतो. आपणही बाहेर मुकाट ऐकून घेतो आणि घरच्या माणसापाशी रडतो. आई आल्यावर मुलाचं रडणं म्हणजे आईचं अपयश नव्हे, आई ही त्याची हक्काची जागा आहे याची ती खूण आहे.

मग आम्ही घरातली तिन्ही मोठी माणसं एकत्र बसलो. पहिला प्रश्न पाण्याचा होता. बाप पाचला सुटायचा आणि आठपर्यंत नाक्यावर बसायचा. त्याला मी सरळ म्हटलं, "दादा, साडेसहाला पाणी तुम्ही भरायचं." तो थोडा चिडला, पण कबूल झाला. आईने शांत राहावं असं तिला शंभर वेळा सांगून उपयोग नव्हता, तिला दहा मिनिटं मोकळी मिळायला हवी होती.

त्या दहा मिनिटांत करायचं ते असं ठरलं. दारात येण्याआधी, गल्लीच्या तोंडाशीच, आईने पाच श्वास घ्यायचे. मनात चार मोजेपर्यंत आत, सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. विहारात आनापान करताना आपण श्वासाकडे नुसतं पाहतो, इथे तो मुद्दाम लांब सोडायचा एवढा फरक. मग घरात यायचं, पिशवी ठेवायची, हात धुवायचे, घोटभर पाणी प्यायचं आणि थेट जमिनीवर बसायचं. उभ्या माणसाचा आवाज लहान मुलाला वरून येतो आणि मोठा वाटतो.

मुलगा मांडीवर आला तर घ्यायचं, पाठीवरून हात सावकाश फिरवायचा, किंचित डोलायचं. तो अंग ताठ करून मागे ढकलत असेल तर जबरदस्तीने धरायचं नाही, हाताच्या अंतरावर बसून राहायचं. बोलायचं अगदी थोडं, खालच्या आवाजात, तेच तेच. "मी आलेय. तुला राग आलाय. मी इथंच आहे." प्रश्न विचारायचे नाहीत, कारण "काय झालं, का रडतोस, सांग ना" याचं उत्तर त्यालाच माहीत नसतं आणि घंटा वाजत असताना ते शोधताही येत नाही. उपदेश तर नाहीच. समजूत घालायची ती अंग सैल पडल्यावर.

पहिल्या संध्याकाळी तो वीस मिनिटांच्या वर रडला. आजीला वाटलं, हा सगळा थिल्लरपणा आहे. दुसऱ्या दिवशी त्याने पेला फेकला. आईने त्याचा हात हलकेच धरला आणि म्हणाली, "फेकू देणार नाही." पेला उचलून बाजूला ठेवला, पण बाजूला स्वतः गेली नाही. तिसऱ्या दिवशी त्याला चिप्सचा पुडा हवा होता. तो दिला नाही, आणि पुडा नाही म्हणून तो रडला तेव्हा जवळ मात्र घेतलं. इथेच पुष्कळ लोकांचा घोटाळा होतो. लेकराला शांत करणं म्हणजे त्याचं ऐकणं नव्हे. "नाही" हे "नाही"च राहतं, फक्त ते "नाही" पचवायला आपण त्याला एकटं सोडत नाही. रडणं थांबावं म्हणून पुडा दिला तर मूल एवढंच शिकतं की रडलं की पुडा मिळतो.

पाचव्या दिवशी सगळं बिघडलं. कामाच्या घरी एका खाड्याचे पैसे कापले होते. आई आली तीच पेटलेली, मुलगा बिलगताच ती जोरात ओरडली. तो कोपऱ्यात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, माझ्याच्याने नाही व्हायचं. सगळं पाण्यात गेलं." गेलं नव्हतं. मी तिला विचारलं, "नंतर काय केलंस?" तिने त्याला जेवताना जवळ घेऊन म्हटलं होतं, "मी ओरडले, तू घाबरलास. तुझं काही चुकलं नव्हतं." तो तिला चिकटून झोपला होता. जे प्रयोगातल्या बाळाने केलं तेच हे, आई परत आली की ते वळतं. तुटलेलं पुन्हा जोडलं जातं, हे मुलाला कळणं हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे. कुठलीच आई सगळ्या वेळी मुलाच्या तालात नसते, तशी असण्याची गरजही नाही. तुटल्यावर जोडायला येणं गरजेचं आहे.

साधारण दीड महिन्यात ती संध्याकाळ बदलली. मुलगा अजूनही आई आली की धावत येतो, कधी रडतोही, पण पाच-सहा मिनिटं मांडीवर बसतो, एक लांब सुस्कारा सोडतो आणि आपला छोटा तांब्या घेऊन बापाबरोबर पाणी भरायला जातो. दुपारची झोप हुकली त्या दिवशी मात्र पेला फेकतोच. जादू काही झालेली नाही. अडीच वर्षांचं मूल अडीच वर्षांचंच राहतं.

गप्प झालं म्हणजे शांत झालं असं नाही

यावर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं जातं ते हे: "एक धपाटा दिला की गप्प बसतं की." बसतं, खरं आहे. पण धाकाने गप्प बसलेलं आणि शांत झालेलं मूल वेगळं असतं, आणि हा फरक कुणालाही बघून ओळखता येतो. शांत झालेल्या मुलाचं अंग सैल पडतं, मुठी उघडतात, एखादा खोल सुस्कारा येतो, ते तुमच्या अंगावर रेलतं, मग इकडेतिकडे बघू लागतं, खेळणं किंवा खाणं मागतं. धाकाने गप्प झालेल्या मुलाचे खांदे वर चढलेले असतात, श्वास वरवरचा चालतो, नजर मारणाऱ्या हातावर खिळलेली असते, हुंदके आतल्या आत येत राहतात, आणि पुष्कळदा ते तसंच न जेवता झोपून जातं. आत घंटा वाजतच असते, फक्त आवाज बाहेर येत नाही. पोलीस, बागुलबुवा, "तुला सोडून जाईन" यांनीही हेच होतं.

मोबाईलची गोष्ट थोडी निराळी आहे. तो धाक घालत नाही, पण शांतही करत नाही, नुसतं लक्ष दुसरीकडे ओढतो. ताण उतरवण्याचा सराव झालेलाच नसतो, म्हणून मोबाईल काढला की रडणं आधी होतं तिथूनच सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवूच नये, आणि पुढे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून जास्त नको. आईला भाकरी थापायची आहे म्हणून पंधरा मिनिटं मोबाईल दिला, याचा मी बाऊ करणार नाही. रडणाऱ्या मुलावर औषध म्हणून मात्र तो देऊ नये.

दुसरा आक्षेप बापमाणसांचा असतो, आणि तो मी गंभीरपणे घेते. एका सभेनंतर एक भाऊ मला म्हणाले, "ताई, आपल्या पोरांना जग गोंजारणार नाही. शाळेत, नोकरीत, भाड्याची खोली बघायला गेलं तरी आडनाव विचारतात. त्यांना लहानपणापासून कणखर करायला हवं." त्यांचं जगाबद्दलचं म्हणणं खरं आहे, ते मी स्वतः भोगलं आहे. पण धाकाने मूल कणखर होतं, हे खरं नाही. ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्यासमोर तोंड बंद ठेवायचं आणि आपला राग आपल्याहून लहान असेल त्याच्यावर काढायचा, एवढंच ते शिकतं. अपमान झाला तरी डोकं जाग्यावर ठेवून, नजर न झुकवता उत्तर देणारं माणूस घडवायचं असेल, तर घंटा वाजत असताना ती थांबवायचा सराव त्याला घरात मिळायला हवा. तो सराव पहिल्या पाच-सहा वर्षांत आई-बापाच्या अंगाखांद्यावर सुरू होतो.

आईला कोण देणार?

उसनं देणाऱ्याच्या डब्यात साखर असावी लागते. आपल्या घरांत शांतता पुरवण्याचं काम एकट्या आईच्या गळ्यात टाकलेलं असतं, आणि तिचा डबा मात्र कुणी भरत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मूल चिडखोर झालं की आईला दोष देण्याआधी घराने स्वतःला विचारावं, तिला दिवसात दहा मिनिटं बसायला मिळतात का? बाप, आजी, मावशी, मोठी बहीण, कुणाचीही शांतता मुलाला चालते, फक्त ते माणूस रोजच्या सवयीचं हवं. मात्र दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दिवसभर भाऊ देऊन तिची शाळा बुडवणं हा तोडगा नव्हे. तिला स्वतःलाच अजून उसन्या शांततेची गरज आहे.

काही वेळा आईकडे द्यायला खरोखरच काही उरलेलं नसतं. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं, झोप उडणं, मरणाचे विचार येणं, हा आजार आहे, तो बरा होतो. आरोग्य केंद्रात दाखवावं, किंवा सरकारच्या टेलि-मानसच्या 14416 या नंबरवर कधीही फोन करावा, पैसे पडत नाहीत. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी बोलावं. आणि ज्या घरात दारू पिऊन मारहाण होते, तिथे त्या बाईला लांब श्वास घे म्हणून सांगणं ही चेष्टा आहे. तिथे आधी मार थांबायला हवा. त्यासाठी महिलांची 181 ही हेल्पलाईन आहे, आणि आपली महिला मंडळंही आहेत.

अगदी तान्ह्या बाळांबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करावी. बाळाचं रडणं जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, बहुतेक वेळा संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. या दिवसांत अंगावर पाजून, चालून, थोपटूनही काही बाळं थांबत नाहीत. तो कुणाचाच दोष नसतो. पण याच दिवसांत मोठ्या माणसाचा तोल जातो. बाळाला रागाने गदागदा कधीही हलवू नये, मान कच्ची असते, मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकतं किंवा कायमचं अधू होऊ शकतं. हात शिवशिवतोय असं वाटलं तर बाळाला जमिनीवर अंथरुणात उताणं ठेवा, दाराबाहेर पाच-दहा मिनिटं उभ्या राहा, शेजारणीला हाक मारा. रडण्याने बाळ मरत नाही. झोपावं म्हणून अफूची गोळी किंवा सर्दी-खोकल्याचं औषध मात्र मुळीच देऊ नका.

आणि शेवटी नर्स म्हणून सांगते, सगळं रडणं शांततेने थांबणारं नसतं. आधी भूक, ओलं लंगोट, उकाडा, घट्ट दोरा, ताप बघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, दूध तोडणं, हिरवी उलटी, जांघेत कडक गाठ, एरवीपेक्षा वेगळं किंचाळणं, बाळ मलूल पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर कुशीत घेऊन वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. थोडं मोठं मूल रडता रडता श्वास धरून निळं पडत असेल तर पहिल्यांदा झाल्यावर डॉक्टरांना दाखवाच, आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं आणि औषधाने पुष्कळदा कमी होतं. लोळण घेणं बहुतेक वेळा पाच मिनिटांत ओसरतं. रोज अर्धा-अर्धा तास चालत असेल, मूल स्वतःचं डोकं आपटून घेत असेल, किंवा कुणाच्याच जवळ गेल्याने शांत होत नसेल, तर तेही दाखवावं.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर एवढंच करून बघा. पाणी कोण भरणार ते आधी ठरवा, गल्लीच्या तोंडाशी पाच श्वास सोडा, आणि घरात आल्यावर आधी जमिनीवर बसा. पहिल्या दिवशी लेकरू थांबणार नाही. दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. त्याच्या अंगातून पहिला लांब सुस्कारा निघेल तो दिवस लक्षात ठेवा, आणि सूनबाईला दोष देण्याआधी आजीलाही तो दाखवा.